विश्लेषण : पुलाखालची विहीर कलते तेव्हा...

इंद्रायणीवरील कुंडमळा येथील जुना लोखंडी पूल 15 जून 2025 रोजी कोसळला. चार जणांचा मृत्यू झाला आणि पन्नासहून अधिक जण जखमी झाले. त्यानंतर मावळातील आणि राज्यातील जुन्या पुलांची चर्चा पुन्हा सुरू झाली. ही चर्चा बहुतेक वेळा डोळ्यांना दिसणाऱ्या भागांभोवती फिरते. गंजलेले लोखंड, उखडलेला कठडा, पुलावर झालेली गर्दी हे सगळे दिसते. पण पुलाचा एक मोठा भाग नदीच्या तळाखाली असतो आणि बांधकाम संपल्यावर तो कोणालाच दिसत नाही. जिथे तळाशी खडक नाही, खोलवर गाळ किंवा वाळू आहे, तिथे हा पाया म्हणजे अक्षरशः एक विहीर असते. ती गाळातून खाली उतरवावी लागते, आणि उतरताना ती सरळच जाईल याची खात्री नसते. ही विहीर कशी उतरते, का कलते आणि कललेली विहीर सरळ कशी करतात, याचा हा आढावा.

मावळातील पुलांना अशा विहिरी का लागत नाहीत?

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावते आणि मावळातून वाहत पुढे जाते. कुंडमळ्याला गेलेल्यांनी नदीच्या पात्रातला काळा खडक आणि पाण्याने त्यात कोरलेले खळगे पाहिले असतील. हा बेसॉल्ट, म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा पाषाण. तो अनेक ठिकाणी पात्रात उघडा आहे किंवा थोड्याच खोलीवर सापडतो. अशा ठिकाणी अभियंत्याचे काम तुलनेने सोपे असते. बांध घालून पाणी वळवायचे, वरची माती आणि झिजलेला खडक काढायचा, घट्ट खडकात पाया बसवायचा आणि त्यावर पुलाचा खांब उभा करायचा. याला ‘ओपन फाउंडेशन’ म्हणतात.

पण घाटमाथ्याच्या पलीकडे चित्र बदलते. त्याच डोंगररांगेवर पडणारे पश्चिमेकडचे पाणी उल्हास, पाताळगंगा आणि अंबा या नद्यांतून कोकणात उतरते. उल्हास पुढे वसईच्या खाडीला मिळते, तर पाताळगंगा आणि अंबा धरमतरच्या खाडीला. खाडीत भरती-ओहोटीचे पाणी असते आणि खाली मऊ चिखलाचा जाड थर असतो. खडक असतो, पण त्या चिखलाखाली. तापी-पूर्णेच्या खोऱ्यात तर गाळाची जाडी काही ठिकाणी शेकडो मीटर आहे. तिथे खडकापर्यंत जाण्याचा प्रश्नच येत नाही. अशा पात्रांत खड्डा खणून पाया घालता येत नाही, कारण खणलेला खड्डा लगेच पाण्याने आणि गाळाने भरतो. म्हणून आधी भिंत बांधायची आणि मग तिच्या आतून माती काढायची, असा उलटा मार्ग घ्यावा लागतो.

विहीर-पाया म्हणजे नेमके काय?

गावात सिमेंटच्या रिंगांची विहीर करताना पाहिले असेल, तर निम्मे तंत्र आधीच कळलेले आहे. रिंग जमिनीवर ठेवतात, आत उतरून माती काढतात, रिंग स्वतःच्या वजनाने खाली बसते आणि तिच्यावर दुसरी रिंग चढवतात. पुलाची विहीर याच तत्त्वावर उतरते. फरक आकाराचा आणि वजनाचा. तिचा व्यास सहा, आठ, दहा मीटर किंवा त्याहून जास्त असू शकतो.

सर्वांत खाली पाचरीसारखा निमुळता काँक्रीटचा भाग असतो. त्याला ‘कर्ब’ म्हणतात. कर्बच्या टोकाला पोलादी धार असते, ती ‘कटिंग एज’. ही धार माती कापत जाते. कर्बवर विहिरीची जाड भिंत टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात. ही भिंत म्हणजे ‘स्टेनिंग’. विहिरीच्या आतली माती क्रेनला लटकवलेल्या जबड्यासारख्या ‘ग्रॅब’ने काढतात. ठरलेली खोली गाठली की तळाशी काँक्रीटचे बूच भरतात, पोकळीत बहुधा वाळू भरतात आणि वर जाड झाकण ओततात. हे झाकण म्हणजे ‘वेल कॅप’. पुलाचा खांब या झाकणावर उभा राहतो.

अलीकडे मोठ्या यंत्रांनी खोल पाइल घेणे सोपे झाल्यामुळे अनेक ठिकाणी विहिरीऐवजी पाइल वापरतात. मात्र पुरात तळ खोलवर उकरणाऱ्या नद्यांमध्ये आणि मोठा आडवा जोर सोसावा लागणाऱ्या खांबांखाली जाडजूड, ताठ विहीर आजही उपयोगी ठरते.

विहीर किती खोल न्यायची?

पूर आला की पाणी खांबाभोवती भोवरे घेते आणि तळाची माती उकरून नेते. पूर ओसरताना तो खड्डा पुन्हा गाळाने भरतो. त्यामुळे उन्हाळ्यात पाहणाऱ्याला तळ जिथल्या तिथे दिसतो, पण पुराच्या ऐन जोरात तो कित्येक मीटर खाली गेलेला असतो. या उकरण्याला ‘स्कावर’ म्हणतात. विहीर या खड्ड्याच्याही खाली घट्ट रुतलेली असावी लागते.

या हिशेबाचा एक धागा पुण्यात सापडतो. खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र ही 1916 मध्ये सुरू झालेली संस्था आहे. तिथे सर क्लॉड इंग्लिस यांनी भारतातल्या पुलांवरील प्रत्यक्ष मोजमापे तपासून असा निष्कर्ष काढला की, लेसी यांच्या सूत्राने येणाऱ्या सर्वसाधारण उकराच्या खोलीच्या सुमारे दुप्पट खड्डा खांबाच्या नाकाशी पडतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी 78’ या मानकातही खांबासाठी हाच दुपटीचा हिशेब आहे.

उदाहरण घेऊ. महापुराच्या पातळीपासून मोजलेली सर्वसाधारण उकराची खोली सहा मीटर आली, तर खांबापाशी ती 12 मीटर धरायची. त्याच्या खाली पकडीसाठी आणखी एक तृतीयांश, म्हणजे चार मीटर. विहिरीचा तळ महापुराच्या पातळीखाली किमान 16 मीटरवर जातो. वाटेत घट्ट खडक लागला, तर विहीर त्यावर बसवता येते.

विहीर अडते का?

काँक्रीटची इतकी जड विहीर मऊ गाळात अडावी, हे पटायला कठीण जाते. आकडे मांडले की कारण दिसते. समजण्यासाठी घेतलेली विहीर अशी : बाहेरचा व्यास सहा मीटर, भिंतीची जाडी 90 सेंटीमीटर. या भिंतीच्या प्रत्येक मीटर उंचीचे वजन सुमारे 36 टन होते. विहीर 15 मीटर रुतली आहे आणि दोन मीटर वर आहे, असे धरू. एकूण वजन 612 टन झाले. पण आत-बाहेर पाणी आहे. पाण्याखालचा भाग पाण्याच्या उचलीमुळे सुमारे 216 टनांनी हलका होतो. उरले 396 टन.

आता भिंतीच्या बाहेरच्या बाजूला माती घासते. या 15 मीटरमध्ये विहिरीचा बाहेरचा पृष्ठभाग सुमारे 283 चौरस मीटर आहे. दर चौरस मीटरला दीड टन घर्षण धरले, तरी एकूण घर्षण 424 टन होते. म्हणजे घर्षण वजनापेक्षा जास्त. कर्बखालची माती काढली तरी विहीर हलत नाही, ती मातीत लटकून राहते.

म्हणूनच विहिरीची भिंत नुसत्या भारासाठी लागते त्यापेक्षा जाड ठेवतात. ती जाडी मुख्यतः खाली जाण्यासाठीचे वजन असते. तेही पुरले नाही, तर भिंतीवर आणखी वजन रचतात. याला ‘केंटलेज’ म्हणतात. किंवा भिंतीच्या बाहेरून पाण्याचे जोरदार फवारे सोडून माती सैल करतात. तिसरा उपाय म्हणजे विहिरीतले पाणी उपसणे. पाणी कमी झाले की उचल कमी होते आणि विहीर जड होते. हा उपाय सर्वांत झटपट आणि सर्वांत धोक्याचा आहे.

पाणी उपसण्यात धोका काय?

विहिरीच्या आतली पाण्याची पातळी बाहेरच्यापेक्षा खाली गेली की बाहेरचे पाणी कर्बखालून आत येऊ पाहते. तळाशी वाळू असेल, तर पाणी वाळूला सोबत घेऊन उसळते. काही क्षणांत विहीर आतून कित्येक मीटर वाळूने भरते. बाहेरची जमीन एका बाजूला खचते आणि विहीर त्या बाजूला झुकते. याला ‘सँड ब्लो’ म्हणतात. त्याची चाहूल आधी लागते. ग्रॅबने कितीही वाळू काढली तरी आतली पातळी खाली जात नाही आणि विहिरीभोवतीच्या भरावाला भेगा पडू लागतात. अशा वेळी उपसा थांबवून आत पाणी सोडणे, हाच तातडीचा उपाय असतो.

चिकणमातीत धोका वेगळा असतो. चिकणमाती उभी राहते. ग्रॅबवाला कर्बच्याही खाली खोल खड्डा करत जातो आणि विहीर मात्र जागची हलत नाही. मग एका क्षणी मातीचा आधार तुटतो आणि अख्खी विहीर एकदम खाली जाते. कोलकात्याच्या हावडा पुलाच्या कामात असे घडले होते. त्या पुलाच्या मुख्य मनोऱ्याखालचा पाया 55.31 मीटर लांब आणि 24.8 मीटर रुंद असून त्यात उपशासाठी 21 कप्पे होते. एका रात्री गाळ काढत असताना खालची जमीन अचानक सुटली आणि हे धूड एका झटक्यात दोन फूट खचले. खिदिरपूरच्या भूकंपमापकावर त्या धक्क्याची भूकंप म्हणून नोंद झाली आणि काठावरचे एक मंदिर पडले. पुढे ते पुन्हा बांधण्यात आले.

असा झटका सरळ बसला तर नशीब. बहुतेक वेळा आधार एका बाजूला आधी तुटतो आणि विहीर कलून बसते.

‘टिल्ट’ आणि ‘शिफ्ट’ म्हणजे काय? ते मोजतात कसे?

विहीर उभ्या रेषेतून कलली, तर तो ‘टिल्ट’. ती ठरलेल्या जागेवरून बाजूला सरकली, तर ती ‘शिफ्ट’. आयआरसी 78 प्रमाणे आराखडा करताना 80 मध्ये एक इतका टिल्ट आणि 150 मिलिमीटर शिफ्ट गृहीत धरायचा असतो. म्हणजे इतके विचलन होईल, असे समजूनच विहिरीची ताकद ठरवलेली असते. त्यापलीकडे गेले, की आराखड्याचा हिशेब पुन्हा करावा लागतो.

टिल्ट मोजण्याची पद्धत साधी आहे. भिंतीच्या माथ्यावर पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा चार खुणा करतात आणि लेव्हल यंत्राने त्यांची उंची घेतात. आपल्या सहा मीटर व्यासाच्या विहिरीत समोरासमोरच्या खुणांमध्ये 7.5 सेंटीमीटर फरक आला, तर तो बरोबर 80 मध्ये एक.

इथे एक चूक सहज होते. पूर्व-पश्चिम फरक सहा सेंटीमीटर आला आणि उत्तर-दक्षिण फरकही सहा. दोन्ही आकडे 7.5 पेक्षा कमी, म्हणून काम ठीक चालले आहे, असे वाटते. पण विहीर या दोन्ही दिशांच्या मधल्या दिशेने कललेली असते. दोन्ही फरकांचे वर्ग करून बेरीज केली आणि वर्गमूळ काढले, तर खरा फरक 8.5 सेंटीमीटर येतो. म्हणजे सुमारे 71 मध्ये एक. मर्यादा ओलांडलेली असते, पण वेगवेगळ्या रकान्यांत ती दिसत नाही. म्हणून मानकात एकत्रित दिशेचा आकडा पाहायला सांगितले आहे.

शिफ्टमध्येही डोळ्यांना फसवणारी गोष्ट आहे. काठावरच्या खांबांवरून यंत्राने विहिरीच्या माथ्याचा मध्य शोधतात. समजा, तो ठरलेल्या जागेपासून फक्त पाच सेंटीमीटर पश्चिमेला आहे. पण विहीर पूर्वेकडे 100 मध्ये एक कललेली आहे आणि 15 मीटर उंच आहे. याचा अर्थ तिचा तळ माथ्याच्या आणखी 15 सेंटीमीटर पश्चिमेला आहे. माथा पाच सेंटीमीटर चुकलेला, तर तळ 20 सेंटीमीटर. पुलाचा भार जमिनीत जातो तो तळातून. म्हणून माथ्याचे माप घेऊन थांबता येत नाही.

कललेली विहीर सरळ कशी करतात?

मुख्य नियम एकच. जी बाजू वर राहिली आहे, ती खाली आणायची. खाली गेलेली बाजू उचलण्याचा प्रयत्न करायचा नाही. शेकडो टनांची विहीर उचलली जात नाही, ती खाली जातानाच वळवता येते.

आपली विहीर पाच मीटर रुतली असताना पूर्वेची कड 12 सेंटीमीटर खाली गेली आहे, असे समजू. म्हणजे टिल्ट 50 मध्ये एक. पहिला उपाय ग्रॅबचा. मधोमध खणणे थांबवून ग्रॅब पश्चिमेच्या, म्हणजे उंच राहिलेल्या कडेजवळ चालवतात. तिथला आधार कमी झाला की ती बाजू बसू लागते. गोल आणि बऱ्यापैकी मोठ्या विहिरीत बहुतेक टिल्ट एवढ्यावरच आवरता येतात, मात्र दररोज मापे घेऊन दोन-तीन सेंटीमीटरचा फरक दिसतानाच हालचाल केली असेल तर.

तेवढ्याने भागले नाही, तर वजन एका बाजूला चढवतात. भिंतीवर गर्डर टाकून ते पश्चिमेकडे बाहेर काढतात आणि त्यावर केंटलेज रचतात. 100 टन वजनाचा मध्य विहिरीच्या मध्यापासून दोन मीटर पश्चिमेला ठेवला, तर विहीर सरळ करणारा 200 टन-मीटरचा जोर मिळतो. त्याचबरोबर पश्चिमेच्या भिंतीबाहेर पाण्याचे फवारे सोडून तिथले घर्षण कमी करतात. पूर्वेकडची कड आणखी बसू नये म्हणून तिच्याखाली लाकडी ओंडके किंवा स्लीपर सारतात.

तिसरा मार्ग ओढण्याचा. विहिरीच्या माथ्याभोवती पोलादी दोर गुंडाळून ती पश्चिमेकडे, म्हणजे उंच बाजूकडे ओढतात. किंवा पूर्वेकडून टेकू आणि जॅक लावून ढकलतात. माथा पश्चिमेला सरकायचा तर त्याला जागा हवी, म्हणून पश्चिमेच्या भिंतीबाहेरची वरची माती काढून मोकळी करतात.

हे सगळे पाच मीटरवर जमते. 15 मीटरवर तेच उपाय तोकडे पडतात. खोल गेलेल्या विहिरीला चहूबाजूंनी मातीने घट्ट धरलेले असते. माथ्यावरच्या ओढीला भिंतीच्या पूर्ण उंचीभरच्या मातीशी झगडावे लागते. म्हणून विहीर पहिल्या काही मीटरमध्ये सरळ ठेवणे हे सर्वांत महत्त्वाचे. सुरुवातीला ती सहज कलते आणि सहज सरळही होते. नंतर ती सहसा कलत नाही, पण एकदा कलली की सरळही होत नाही.

टिल्ट काढताना शिफ्ट का येते?

कारण विहीर आपल्या अक्षाच्या दिशेने उतरते. माथा पूर्वेकडे कललेला असेल, तर अक्षाचे खालचे टोक पश्चिमेकडे वळलेले असते. अशी कललेली विहीर तशीच आणखी तीन मीटर उतरवली, तर 50 मध्ये एकच्या हिशेबाने तिची धार सहा सेंटीमीटर पश्चिमेला जाते. नंतर विहीर सरळ केली तरी हे सहा सेंटीमीटर परत मिळत नाहीत. म्हणजे टिल्ट आज दुरुस्त होतो, पण तो जितके मीटर अंगावर बाळगला तितकी शिफ्ट मागे राहते.

हाच नियम उलट वापरून शिफ्ट कमी करतात. विहीर पूर्वेला सरकली असेल आणि तिला पश्चिमेला आणायचे असेल, तर माथा पूर्वेकडे किंचित कलेल असे मुद्दाम खणतात. त्या कलाने काही मीटर उतरवतात आणि मग सरळ करतात. यासाठी खाली अजून पुरेशी खोली शिल्लक असावी लागते. शेवटच्या दोन मीटरमध्ये हा खेळ करता येत नाही.

खडक तिरका असेल तर?

कोकणातल्या खाड्यांत नेमकी हीच अडचण येऊ शकते. मऊ चिखलातून विहीर छान सरळ उतरते. मग तिची एक कड खडकाला टेकते आणि दुसरी कड अजून चिखलातच असते. टेकलेली बाजू थांबते, मोकळी बाजू खाली जात राहते, आणि काम जवळपास संपत आले असताना विहीर कलते. इथे आधीचा नियम तसाच लागू होत नाही. उंच राहिलेल्या बाजूखाली माती नाही, दगड आहे. ग्रॅब तिथे काही करू शकत नाही.

अशा वेळी खणणे थांबवतात. पाणबुडे उतरवून किंवा गरज पडली तर दाबाखालच्या हवेत माणसे उतरवून कडेखालचा खडक छिन्नीने फोडावा लागतो. मोकळ्या बाजूला पोत्यांतले काँक्रीट रचून आधार द्यावा लागतो. धार सगळीकडे खडकात नीट बसली की खडकात भोके पाडून सळ्या रोवतात, म्हणजे विहीर उतारावरून घसरत नाही. हे काम हळू, महाग आणि जोखमीचे असते.

त्यापासून वाचण्याचा मार्ग कामाच्या आधीचा आहे. खांबाच्या मध्यावर एकच बोअर घेतला, तर खडक किती खोल आहे ते कळते, पण तो कोणत्या बाजूला उतरतो ते कळत नाही. विहिरीच्या परिघावर चार ठिकाणी बोअर घेतले, तर उतार आधीच कागदावर येतो. मग कर्ब कुठे टेकेल, कुठे थांबायचे आणि कोणती बाजू फोडायची, हे ठरवून काम करता येते.

मर्यादा ओलांडली तर पूल धोक्यात येतो का?

लगेच नाही, पण हिशेब बदलतो. विहिरीचा तळ खांबापासून बाजूला गेला, की वरचा भार मध्यावर न येता एका कडेवर जास्त येतो. आपल्या विहिरीत 20 मीटर उंचीला 80 मध्ये एकच्या टिल्टने तळ 25 सेंटीमीटर बाहेर जातो. त्यात 15 सेंटीमीटर शिफ्ट त्याच दिशेला मिळाली, तर एकूण 40 सेंटीमीटर. पुलाचा 800 टन भार इतका बाजूला आला की तळाच्या एका कडेवर दर चौरस मीटरला सुमारे 15 टन जादा दाब पडतो आणि समोरच्या कडेवर तितकाच कमी होतो. हे आराखड्यात धरलेले असते. विचलन त्याच्या दुप्पट झाले, तर हा जादा दाबही दुप्पट होतो, आणि तो तळाची माती किंवा खडक पेलेल का, हे पुन्हा तपासावे लागते.

तपासणीत उत्तर ‘हो’ आले, तर विहीर तशीच ठेवून वेल कॅप एका बाजूला वाढवतात, म्हणजे खांब ठरलेल्या जागी उभा राहतो. उत्तर ‘नाही’ आले, तर विहीर आणखी खोल नेणे, शेजारी जादा आधार देणे किंवा खांबांमधली अंतरे बदलणे असे पर्याय उरतात. क्वचित विहीर सोडूनही द्यावी लागते.

नागरिकांना काय पाहता येईल?

वेल कॅप ओतल्यावर विहिरीची कोणतीच गोष्ट दिसत नाही. उरते ती फक्त नोंदवही. विहीर उतरवताना रोज किती मीटर उतरली, कोणती माती लागली, चार खुणांच्या उंची किती होत्या, टिल्ट आणि शिफ्ट किती आली, त्यावर कोणता उपाय केला, याची नोंद ठेवायची असते. सरकारी पुलाच्या बाबतीत ही नोंद माहितीच्या अधिकार कायद्याखाली मागता येते.

ती हातात आली तर तीन गोष्टी पाहाव्यात. टिल्टचे दोन दिशांचे आकडे वेगळेच ठेवले आहेत की एकत्रित आकडाही काढला आहे? शिफ्ट माथ्याची लिहिली आहे की तळाची? आणि पहिल्या पाच मीटरमध्ये मापे रोज घेतली आहेत का? शेवटच्या रकान्यात सगळे मर्यादेत दिसत असेल, पण सुरुवातीच्या दिवसांची मापेच नसतील, तर शेवटचा आकडा कसा आला हे विचारण्यासारखे असते. कारण 20 मीटर खोल विहिरीचा कल बहुतेक वेळा वरच्या पाच मीटरमध्येच ठरलेला असतो.